‘उखळ’चं नाव कुठे निघालं? टॅग न केलेले उल्लेख पकडण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण कराडजवळच्या एका घरगुती मसाल्याच्या उद्योगाचं आहे. ब्रँडचं खरं नाव इथे देत नाही. तसंच रोजच्या वापरातलं, तसाच त्रास देणारं नाव म्हणून ‘उखळ’ धरून चालू. खालची उदाहरणं आणि शोधाच्या ओळी त्या नावावर बेतल्या आहेत. आपल्या नावासाठी त्या बदलून घेता येतील.

उद्योग एका काकूंचा. मुख्य माल कांदा-लसूण मसाला, जोडीला गोडा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी. कराड-साताऱ्यातली दुकानं, पुण्यातली काही दुकानं आणि कुरिअरने जाणारी पाकिटं, एवढा पसारा. इन्स्टाग्रामचं खातं पुतण्या बघतो. कुणी `@` लावून नाव घेतलं की फोनवर सूचना येते आणि तो लगेच उत्तर देतो. त्यामुळे लोक आपल्याबद्दल काय बोलतात ते आपल्याला कळतं, अशी घरात समजूत होती.

मग पुण्यातल्या एका दुकानदाराने पुढची ऑर्डर थांबवली. कारण विचारल्यावर त्याने फोनवर एक स्क्रीनशॉट पाठवला. शहरातल्या खवय्यांच्या एका फेसबुक गटात एका बाईंनी पाकिटाचा फोटो टाकला होता. मसाल्याला जाळी धरली होती. नाव फोटोत स्पष्ट दिसत होतं, शिवाय मजकुरातही लिहिलं होतं, पण टॅग केलेलं नव्हतं. खाली ‘आमच्याकडेही असंच झालं’ म्हणणारे दोघं-तिघं होते. पोस्ट जुनी झाली होती. पाकीट केव्हाच कचऱ्यात गेलं होतं आणि त्याबरोबर बॅच नंबरही गेला. नेमक्या कुठल्या दिवशीच्या भरणीत सील नीट बसलं नव्हतं, हे शोधायचा रस्ताच बंद झाला. काकूंचा खरा त्रागा तोच होता. “बदनामी झाली ती झाली, पण कुठलं पोतं बघायचं ते तरी कळायला पाहिजे ना?”

पुतण्याने त्याच रात्री गूगल अलर्ट्सवर `उखळ` असा एक शब्द टाकून ठेवला. ही सेवा २००३पासून चालू आहे आणि फुकट आहे. दिलेल्या शब्दांना जुळणारं नवं पान गूगलच्या नजरेस आलं की मेल येतो. मेल आले, आणि भरपूर आले. अमुक योजनेत ठेकेदारांचं उखळ पांढरं झालं. तमुक सरहद्दीवर उखळी तोफांचा मारा झाला. यशोदेने कृष्णाला उखळाला बांधलं, त्याची कीर्तनं आणि प्रवचनं. जुन्या वाड्यातलं दगडी उखळ विकणे आहे. मसाल्याबद्दल एक अक्षर नाही. आठवडाभरात त्याने मेल उघडणं सोडून दिलं. अशा वेळी माणूस साधन बदलू पाहतो. साधन ठीकच होतं, पण त्याला चुकीचा प्रश्न विचारला जात होता.

माझा पहिला आग्रह असा होता, की नवा शोध लिहिण्याआधी लोकांनी आजवर हे नाव कसं लिहिलंय ते गोळा करा. काकूंच्या व्हॉट्सॲपवर दुकानदारांचे आणि गिऱ्हाइकांचे ढीगभर मेसेज होते. इन्स्टाग्रामच्या जुन्या कमेंट होत्या, कुरिअरवाल्या ऑर्डरी होत्या. पुतण्याने त्यातून नाव आलेली वाक्यं जशीच्या तशी, शुद्धलेखन न सुधारता, एका शीटमध्ये उतरवली. त्या शीटने निम्मं काम केलं.

पहिली गोष्ट अशी दिसली, की नाव एकटं क्वचितच येतं. लोक ‘उखळ मसाला’ लिहितात, ‘उखळ कांदा लसूण’ लिहितात, ‘कराडचं उखळ’ लिहितात. नावाला नेहमी दोन-तीन ठरलेले शेजारी असतात. पांढरं होणारं उखळ, तोफांचं उखळ आणि यशोदेचं उखळ यांचे शेजारी अगदी वेगळे. तेव्हा नाव आणि शेजारी मिळून शोधायचं. दुसरी गोष्ट, देवनागरीत ‘उखल’ असंही बरंच लिहिलं जातं, कारण हिंदीच्या कीबोर्डवर ळ चटकन सापडत नाही. तिसरी, रोमन लिपीत लिहिणारे देवनागरीवाल्यांपेक्षा जास्त निघाले आणि त्यांच्यात `ukhal`, `ukhaal`, `ookhal` असे तीनही प्रकार होते. पाकिटावर इंग्रजीत छापलेलं स्पेलिंग बघून लिहिणारे त्यातले थोडेच.

चौथी गोष्ट मात्र सगळ्यात उपयोगी ठरली. वस्तूबद्दल बोलताना आपण ‘उखळाचा दगड’, ‘उखळात कुटलं’ असं म्हणतो. शब्दाचं सामान्यरूप होतं, मध्ये आ येतो. ब्रँडबद्दल बोलताना कुणी तसं करत नाही. ‘उखळचा मसाला’, ‘उखळची चटणी’, ‘उखळवाल्या काकू’ असंच लिहितात. ब्रँडचं नाव झालं की आपण त्याला सहसा मोडत नाही. म्हणजे शोधणाऱ्याच्या हातात आपोआप एक गाळणी आली. ‘उखळाचा’ आलं तर बहुतेक दगडाची गोष्ट, ‘उखळचा’ आलं तर बहुतेक मसाल्याची. अवतरणचिन्हांत दिलेला शब्द गूगल तसाच्या तसा शोधतं, त्याची इतर रूपं स्वतःहून जोडत नाही. एरवी मराठीत हा अडथळाच असतो, कारण प्रत्यय शब्दाला चिकटून येतात आणि `"उखळ मसाला"` असा शोध ‘उखळचा मसाला’ला चुकवतो. इथे तोच अडथळा कामी आला. ही रूपं आपण हाताने लिहायची आणि नको ती लिहायची नाहीत.

त्यातून तीन अलर्ट तयार झाले. पहिला शेजाऱ्यांचा:

```
"उखळ मसाला" OR "उखळ मसाले" OR "उखळ कांदा लसूण" OR "उखल मसाला"
```

दुसरा प्रत्ययांचा, शेजारी नसले तरी चालतील असा:

```
"उखळचा" OR "उखळची" OR "उखळचे" OR "उखळचं" OR "उखळवाले" OR "उखळवाल्या"
```

आणि तिसरा रोमन लिपीतला. त्यातून स्वतःची वेबसाइट वगळलेली:

```
"ukhal masala" OR "ukhal masale" OR "ukhalcha" OR "ukhaal masala" OR "ookhal masala" -site:example.com
```

सगळं एकाच लांबलचक ओळीत कोंबायचा मोह होतो. तसं करू नये. गूगल शोधातले पहिले ३२ शब्द धरतं आणि पुढचे सोडून देतं, तेही फारसा गाजावाजा न करता. शिवाय कुठली ओळ कामाची आणि कुठली निकामी, हे वेगवेगळे अलर्ट असले तरच कळतं. इथे दुसऱ्या अलर्टमध्ये कचरा जवळजवळ नाही, तिसऱ्यात थोडा आहे. एकत्र केले असते तर तिसऱ्याच्या कचऱ्यापायी दुसराही वाचला गेला नसता.

पुतण्याची एक सूचना फार स्वाभाविक होती. पहिल्याच एकशब्दी अलर्टला `-पांढरे` आणि `-तोफा` लावले तर काम भागणार नाही का? वजाचं चिन्ह लावलं की तो शब्द असलेली पानं गळतात. पण वजा चालतं ते अख्ख्या पानावर, आपल्या शब्दाच्या आसपासच्या दोन-चार शब्दांवर नाही. कांदा-लसूण मसाल्याच्या पाककृतीत ‘पांढरे तीळ’ हमखास असतात. एखादीने आपल्या ब्लॉगवर लिहिलं, की घरी करायचा तर हे साहित्य आणि वेळ नसेल तर मी उखळचा आणते, तर नेमकं तेच पान त्या वजाने गेलं असतं. वगळायचंच असेल तर सबंध वाक्प्रचार वगळावा: `-"उखळ पांढरे" -"उखळ पांढरं"`. वजा लावण्यापूर्वी तो शब्द आपल्या गिऱ्हाइकाच्या तोंडी येतो का, हे एकदा शीटमध्ये बघून घ्यायचं.

अलर्ट बनवताना `Show options` उघडणं गरजेचं आहे, कारण आपोआप मिळणाऱ्या सेटिंग्ज मोठ्या नावांच्या सोयीच्या आहेत. `How many` मध्ये `Only the best results` असतं. छोट्या ब्रँडचा उल्लेख मोठ्या वर्तमानपत्रात होत नाही, कुणाच्या तरी छोट्या ब्लॉगवर होतो आणि ते पान ‘उत्तम’च्या यादीत बसेलच असं नाही. तिथे `All results` करायचं. भाषा `Any language` ठेवायची. मराठी निवडली तर रोमन लिपीतला मजकूर निसटण्याची भीती असते. प्रदेशही `Any region` ठेवायचा, कारण दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत बसून कराडच्या मसाल्यावर लिहिणारे मराठी लोक कमी नाहीत. किती वेळाने हवं, तर दिवसातून एकदा. `As-it-happens` ऐकायला बरं वाटतं, पण पान गूगलच्या नजरेस येईपर्यंतच काही दिवस जाऊ शकतात, मग मेल काही तास आधी आल्याने काय साधणार?

हे मेल `googlealerts-noreply@google.com` या पत्त्यावरून येतात. जीमेलमध्ये त्या पत्त्यावर फिल्टर लावून ‘उल्लेख’ असं लेबल दिलं आणि इनबॉक्समध्ये ते येऊच नयेत अशी सोय केली. दिवसभर टपकत राहिलेल्या सूचना कुणी वाचत नाही. संध्याकाळी पार्सलं गेल्यावर पुतण्या ते लेबल उघडतो.

गूगलच्या अलर्टला रेडिटवरचं सगळं दिसत नाही, विशेषतः धाग्यात खोलवर असलेल्या कमेंट. पुण्या-मुंबईची तरुण मंडळी मात्र तिथे मसाल्यापासून भाड्याच्या खोलीपर्यंत सगळं विचारतात. त्यासाठी `F5Bot` नावाची फुकट सेवा आहे. तिला शब्द दिले की रेडिटच्या पोस्ट आणि कमेंट दोन्ही बघून ती मेल करते. तिथे `ukhal` एकटा न देता `ukhal masala` दिला. रेडिटच्या शोधाची फीडही घेता येते, पण तिच्यात पोस्ट येतात, कमेंट येत नाहीत, आणि शिफारशी तर कमेंटमध्येच होतात. एक्सवर हातानेच शोध घेतला आणि फारसं काही सापडलं नाही म्हणून ते दार सोडून दिलं.

आता अवघड भाग. अलर्ट बसवून झाल्यावर काकूंनी विचारलं, “म्हणजे आता तसली पोस्ट कुणी टाकली तर आपल्याला लगेच कळेल ना?” याचं उत्तर ‘नाही’ असं होतं, आणि ते स्पष्ट द्यावं लागलं. ज्या पोस्टमुळे हा सगळा खटाटोप सुरू झाला, ती पोस्ट यातल्या एकाही अलर्टने पकडली नसती. तो फेसबुक गट खाजगी होता. त्याच्या आत काय लिहिलंय ते गूगलला दिसत नाही आणि विकतच्या साधनांनाही दिसत नाही. महिन्याला काही हजार रुपये घेणाऱ्या सेवा आहेत. त्या सार्वजनिक जागा जास्त बारकाईने चाळतात, आलेखही देतात, पण बंद दाराआड त्याही जात नाहीत. व्हॉट्सॲपचे गट आणि इन्स्टाग्रामच्या स्टोरी यांचंही तेच. छोट्या खाद्य-ब्रँडबद्दलची सगळ्यात कडू तक्रार याच बंद जागांत होते, कारण तिथे लोक ओळखीच्यांना सावध करत असतात.

इन्स्टाग्राम मधल्या मध्ये आहे. `@` नसलेल्या नावाची सूचना ते कधीच देत नाही. जुलै २०२५पासून व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट शोधयंत्रांना दिसू लागल्या, त्यामुळे एखाद्या फूड ब्लॉगरची पोस्ट गूगलच्या अलर्टमध्ये येऊ शकते. पण घरच्या जेवणाचा फोटो टाकणाऱ्या बाईचं खातं वैयक्तिक असतं आणि ते त्यात नाही. तिथे आठवड्यातून एकदा ॲपच्याच शोधात नावाची दोन-तीन रूपं टाकून बघणं एवढंच हातात उरतं.

यूट्यूबचा प्रश्न निराळा. तिथे नाव बोललं जातं, लिहिलं जात नाही. इंग्लंडमधल्या एका मराठी बाईंनी ‘भारतातून काय काय आणलं’ असा व्हिडिओ केला होता. बॅगेतून पाकिटं काढताना उखळचं पाकीट चांगलं दहा सेकंद कॅमेऱ्यासमोर होतं. शीर्षकात नाव नाही, खालच्या वर्णनात नाही. कमेंटमध्ये तिघींनी ‘तो लाल मसाला कुठला?’ विचारलं होतं आणि एकीला उत्तर मिळालं होतं, ‘कराडचा आहे’. यातलं एकही वाक्य कुठल्याही शोधात लागत नाही. तो व्हिडिओ सापडला तो असा, की पुतण्या आता सोमवारी `kanda lasun masala` शोधून अपलोडची तारीख ‘या आठवड्यात’ अशी लावतो आणि नवीन व्हिडिओ भरभर पुढे ढकलत बघतो. नावाऐवजी वस्तूने शोधायचं.

गूगल मॅप्सवरची एक फट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपल्या दुकानाच्या नोंदीवर परीक्षण आलं तर सूचना येते. पण कुणी एखाद्या खानावळीच्या परीक्षणात ‘इथे मटणाला उखळचा मसाला वापरतात’ असं लिहिलं, तर सूचना त्या खानावळीच्या मालकाला जाते. ज्या दुकानांत आणि खानावळींत आपला माल जातो, त्यांच्या परीक्षणांत आपलं नाव महिन्यातून एकदा शोधायचं. परीक्षणांच्या यादीवर शोधाची पट्टी असतेच. काकूंच्या बाबतीत दहा-बारा जागा आहेत, एवढं जमण्यासारखं आहे.

फेसबुकच्या गटांसाठी गुप्तहेरी करायची नाही, हे आधीच ठरवलं. खोट्या नावाने गटांत शिरून बसणं उघडकीला आलं, तर जाळीच्या पोस्टपेक्षा ती बातमी मोठी होते. त्याऐवजी दोन गोष्टी केल्या. काकूंची एक चुलतबहीण त्यातल्या दोन गटांत आधीपासूनच स्वतःच्या नावाने आहे. ती आठवड्याला गटातल्या शोधात नाव टाकते. दुसरी गोष्ट पाकिटावर केली. बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख पूर्वी खालच्या घडीत, फिकट शाईत, सील झाल्यावर अर्धी दिसेल अशी छापली जात होती. ती मागच्या बाजूला वर आणली. तिच्या शेजारी एक व्हॉट्सॲप क्रमांक आणि एक ओळ छापली: ‘काही गडबड वाटली तर या बाजूचा फोटो पाठवा.’ बंद गटातली बाई आपल्याला शोधत येणार नाही. पण तिने फोटो काढला, तर निदान त्या फोटोत नंबर यावा आणि तो दुकानदाराकडून फिरत फिरत का होईना, कराडला पोचावा.

अलर्ट चालू आहे की मेलाय, हे कसं ओळखायचं? मेल न येण्याचे अर्थ दोन: कुणी बोललं नाही, किंवा अलर्टने पकडलं नाही. दोन्ही वेळा लेबल सारखंच रिकामं दिसतं. म्हणून सोमवारी पुतण्या तीनही ओळी जशाच्या तशा गूगलच्या शोधात टाकतो, `Tools` मधून `Past week` निवडतो आणि जे दिसेल ते लेबलमधल्या मेलशी ताडून बघतो. हाताने सापडलं आणि मेलमध्ये नाही, असं वारंवार होऊ लागलं, तर तो अलर्ट काढून नव्याने बसवायचा. एकदा तिसऱ्या अलर्टच्या बाबतीत तसं झालं. कारण साधं होतं. एक अवतरणचिन्ह मोबाइलच्या कीबोर्डने वाकडं, छपाईतल्यासारखं घातलं होतं. ओळ पुन्हा लॅपटॉपवरून सरळ चिन्हांनी लिहिल्यावर मेल येऊ लागले. अवतरणामुळेच बिघडलं होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण सरळ चिन्हं वापरायला काही पैसे पडत नाहीत.

या सगळ्यातून हाताला काय लागलं, ते एका उल्लेखावरून सांगतो. दुसऱ्या अलर्टने, म्हणजे प्रत्ययांच्या, एका पाककृतीच्या ब्लॉगचं पान आणलं. लेख मटकीच्या उसळीचा होता. नाव लेखात नव्हतंच, खालच्या प्रतिक्रियेत होतं: ‘मी उखळचा घातला, चव छान पण उसळ खारट झाली, मुलांनी खाल्ली नाही.’ पुतण्याने ते शीटमध्ये उतरवलं. शीटचे रकाने मोजकेच आहेत: तारीख, दुवा, जसेच्या तसे शब्द, बॅच कळली का, आपण काय केलं. शिवाय एक स्क्रीनशॉट, कारण लोक लिहिलेलं काढून टाकतात.

एका खारट उसळीने काही सिद्ध होत नाही. पण रेडिटवरून `F5Bot` ने आणलेल्या एका कमेंटमध्ये ‘जरा सॉल्टी आहे’ असं होतं, आणि एका खानावळीच्या परीक्षणात ‘रस्सा खारट’ होतं. तिन्ही जागा वेगळ्या, महिने वेगळे. काकूंनी भरणीच्या वह्या काढून बघितल्या. मिठाचं प्रमाण कुठेही बदललेलं नव्हतं. मग स्वतःच म्हणाल्या, “अगं बाई, घरचा मसाला करणाऱ्याला माहीत असतं, की यात मीठ असतं. विकत घेणारी वरून पुन्हा घालत असेल.” कांदा-लसूण मसाला टिकावा म्हणून त्यात मीठ घालतातच आणि घटकांच्या यादीत ते बारीक अक्षरात होतंही. ते कुणी वाचत नाही, एवढंच. पुढच्या छपाईत समोरच्या बाजूला ओळ आली: ‘मसाल्यात मीठ आहे. भाजीत मीठ बेताने घाला.’ ही तक्रार ब्रँडच्या इन्स्टाग्रामवर एकदाही आलेली नव्हती. टॅग करून बोलणारे बहुधा कौतुक करतात किंवा भांडायला येतात. ‘चव छान पण’ म्हणणारे आपसांत बोलतात.

उत्तर द्यायचं की नाही, यावर घरात वाद झाला. पुतण्याला प्रत्येक उल्लेखाखाली जाऊन आभार मानायचे होते. ज्याने टॅग केलेलं नाही, त्याने आपल्याला बोलावलेलं नाही. दोन मैत्रिणी मसाल्यावर बोलत असताना कंपनी मध्येच टपकली, की त्यांना कुणीतरी दाराआडून ऐकत होतं असं वाटतं. शेवटी ठरलं ते असं. कौतुक वाचायचं, शीटमध्ये ठेवायचं, तिथे जायचं नाही. कुणी ‘चांगला मसाला सुचवा’ म्हणत असेल तिथेही आपणच आपलं नाव घ्यायचं नाही. चुकीची माहिती असेल, जसं की हा मसाला आता बंद झाला, तर एका ओळीत दुरुस्ती करायची आणि आपण कोण ते सांगायचं. जाळी, बुरशी, फुटलेलं सील असं काही असेल तर मात्र त्याच दिवशी बोलायचं. उसळवाल्या बाईंना पुतण्याने आपल्या नावाने लिहिलं:

‘नमस्कार ताई, मी उखळच्या घरचाच. आमच्या मसाल्यात मीठ असतं, ते पाकिटावर ठळक लिहायला हवं होतं. पुढच्या पाकिटांवर लिहितोय. तुमची उसळ वाया गेली त्याबद्दल क्षमस्व.’

सूट नाही, फुकट पाकीट नाही, फोन नंबर मागितला नाही. बाईंनी अंगठा दिला आणि विषय संपला. जाळीसारख्या तक्रारीत याला एक ओळ जोडायची असते: ‘पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मिळाला तर कुठल्या दिवशीचं आहे ते शोधता येईल.’ पोस्ट काढून टाका, असं कधीही म्हणायचं नाही. तशी विनंती केली की तिचाच स्क्रीनशॉट पुढच्या गटात जातो. आणि कुणाचा फोटो आवडला म्हणून न विचारता आपल्या पानावर लावायचा नाही.

सध्या काकूंचा ठेचा बाजारात आणायचा विचार चालू आहे आणि तिथे एक नवी अडचण आहे. मसाल्याच्या वेळी शेजारी शब्दांनी काम सोपं केलं, कारण ‘मसाला’ हा शब्द पांढऱ्या उखळाच्या आणि तोफांच्या आसपास फिरकत नाही. ठेचा तर उखळातच कुटतात. ‘उखळ’ आणि ‘ठेचा’ एका पानावर असणाऱ्या पाककृती ढिगाने निघतील आणि `उखळ ठेचा` असा मोकळा शोध पुन्हा पहिल्या आठवड्याच्या कचऱ्यावर आणून सोडेल. त्यामुळे लेबल छापायला जाण्याआधीच चौथ्या अलर्टची ओळ करून बघितली. दोन्ही शब्द एकाच अवतरणात, आणि आ आलेलं एकही रूप नाही:

```
"उखळ ठेचा" OR "उखळचा ठेचा" OR "उखळच्या ठेच्याची" OR "ukhal thecha" OR "ukhalcha thecha"
```

गेल्या वर्षभराच्या पानांवर ती चालवून बघितली, तर ‘उखळातला ठेचा’वाल्या पाककृती बाहेर राहिल्या. रोमन लिपीतले दोन-चार भटके दुवे आले, तेवढे चालतील. ‘ठेच्या’ची आणखी कुठली रूपं लोक लिहितात, ते माल बाजारात गेल्यावर शीटमध्ये येईलच. ओळीत शब्दांची जागा अजून शिल्लक आहे.